कॉलऱ्यात आतड्यातून पाणी वाहत असतानाच ओआरएस शोषले कसे जाते?

प्रश्न : "माझे वडील मागच्या आठवड्यात मुंबईत कॉलऱ्याने रुग्णालयात होते. सलाईन काढून ओआरएस सुरू केले, तेव्हा ते जितके पीत होते जवळजवळ तितकेच जुलाबातून बाहेर पडत होते. ज्या आतड्यातून पाणी गळते आहे, त्याच आतड्यातून पाणी आत कसे जाणार? आणि जुलाब थांबत नसतील तर ओआरएस पाजत राहण्याचा उपयोग काय?"

आपल्या मनात आतड्याचे जे चित्र आहे ते फाटलेल्या पखालीचे आहे. पखाल फाटली की वरून कितीही ओतले तरी ते खालून जाणारच, आणि मग ओतणे व्यर्थ ठरते. हे चित्र केवळ आपल्याच मनात आहे असे नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक डॉक्टरांचीही समजूत अशीच होती की पटकीत आतड्याचे आतले अस्तर सोलवटून निघते आणि तांदळाच्या धुवणासारख्या जुलाबात दिसतात त्या त्याच्याच चिंध्या असतात. पुढे जिवंत रुग्णांच्या आतड्याचे बारीक तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले, तेव्हा अस्तर जवळपास शाबूत आढळले. कॉलऱ्याचा जंतू आतड्याच्या भिंतीत शिरत नाही, तिला जखम करत नाही, म्हणूनच या जुलाबात सहसा रक्त नसते आणि ताप फारसा येत नाही. तो भिंतीला चिकटून एक विष सोडतो, आणि त्या विषाने पेशीचा पाणी बाहेर सोडण्याचा एक दरवाजा उघडा अडकून राहतो. पाणी आत घेण्याचा एक वेगळा दरवाजा मात्र त्या विषाच्या आवाक्याबाहेर राहतो. ओआरएस त्या दुसऱ्या दरवाजाने जाते. माझे सगळे उत्तर या एका वाक्याचा विस्तार आहे.

आपल्या वडिलांचे वय, वजन, दाखल होतानाची नाडी, उलट्यांचे प्रमाण, त्यांना आधीपासून मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार होता की नाही, यांतले काहीच मला माहीत नाही आणि उपचाराचे आकडे या सगळ्यावर अवलंबून असतात. म्हणून खाली जे आकडे येतील ते माझ्या वॉर्डातल्या एका रुग्णाचे आहेत असे समजून वाचावेत.

आधी निरोगी आतडे दिवसभरात किती पाणी हाताळते ते पाहू. आपण दोनेक लिटर पितो. लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचा स्वतःचा स्राव मिळून आणखी सहा-सात लिटर पाणी अन्ननलिकेपासून खालपर्यंत ओतले जाते. या आठ-नऊ लिटरांपैकी शौचातून जेमतेम शंभर-दोनशे मिलिलिटर बाहेर जाते, बाकी सगळे परत शोषले जाते. म्हणजे आतड्यात पाणी सोडणे आणि पाणी ओढून घेणे ही दोन्ही कामे अहोरात्र शेजारी शेजारी चालू असतात. पाण्याला स्वतःची वाट नसते, ते क्षारांच्या मागे जाते. पेशीने क्लोराइड आणि सोडियम आतड्याच्या पोकळीत सोडले की पाणी पोकळीत येते, आणि पेशीने सोडियम आत ओढले की पाणी शरीरात येते.

आता विषाची करामत पाहू. कॉलऱ्याच्या विषाचा रेणू सहा तुकड्यांचा असतो. पाच एकसारखे तुकडे कड्यासारखे जुळलेले असतात आणि त्यांच्यावर सहावा, खरे काम करणारा तुकडा बसलेला असतो. ते कडे आतड्याच्या पेशीवरच्या जीएम-१ नावाच्या एका विशिष्ट स्निग्ध-शर्करा रेणूला पकडते, आणि पेशी स्वतःच ते सगळे आत ओढून घेते. पेशीच्या आत गेल्यावर सहाव्या तुकड्याचा कामाचा भाग सुटा होतो आणि पेशीद्रवात उतरतो. तिथे त्याचे लक्ष्य म्हणजे जी-एस नावाचे प्रथिन. या प्रथिनाचे काम एखाद्या स्विचसारखे असते. शरीराकडून संदेश आला की ते चालू होते, आपले काम करते आणि काही सेकंदांत स्वतःच बंद होते. विष या प्रथिनाला एक रासायनिक शेपूट चिकटवते आणि त्यामुळे त्याची स्वतःहून बंद होण्याची क्षमताच नाहीशी होते. स्विच चालूच राहतो. परिणामी पेशीत सायक्लिक एएमपी नावाचा संदेशवाहक रेणू साचत जातो, तो पुढे सीएफटीआर नावाची क्लोराइडची वाहिनी उघडी ठेवतो, आणि क्लोराइड आतड्याच्या पोकळीत धो धो वाहू लागते. त्याच्या मागे पेशींच्या फटींतून सोडियम जाते, आणि दोघांच्या मागे पाणी. त्याच संदेशवाहकामुळे पेशीचा मिठाचे सोडियम आत घेण्याचा नेहमीचा एक मार्गही मंदावतो. सोडणे वाढले आणि घेणे घटले, असा हा दुहेरी मार आहे.

यातून एक गोष्ट ध्यानात यावी. ज्या पेशीवर ते रासायनिक शेपूट चिकटले ती पेशी पूर्वपदावर येण्याची वाट पाहावी लागत नाही, कारण आतड्याच्या अस्तरातल्या पेशी तीन ते पाच दिवसांत गळून जातात आणि त्यांची जागा नव्या, विष न लागलेल्या पेशी घेतात. कॉलऱ्याचे जुलाब बहुतेकदा तितक्याच दिवसांत आपोआप ओसरतात. तेवढे दिवस रुग्णाच्या शरीरातले पाणी आणि क्षार टिकवून धरणे हेच उपचाराचे मुख्य काम. प्रतिजैविकाने जंतू मारले की नवे विष तयार होणे थांबते आणि जुलाबाचे दिवस व प्रमाण बरेच कमी होते. म्हणून मध्यम ते तीव्र आजार असलेल्या प्रौढांना आम्ही सहसा ३०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिनचा एकच डोस देतो. पण आधीच आत शिरलेल्या विषावर त्याचा काही इलाज चालत नाही, आणि पहिल्या काही तासांत जीव वाचवते ते पाणीच.

हे सगळे जंतू नव्हे, तर त्याने सोडलेले विष करते, हे कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी दाखवून दिले. १९५९ साली त्यांनी कॉलऱ्याच्या जंतूंच्या संवर्धनातून जंतू गाळून टाकले आणि उरलेला निर्जंतुक द्रव सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या तुकड्यात घातला. जंतू नसतानाही तो तुकडा पाण्याने फुगला. पुढच्याच वर्षी अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी असा विचार मांडला की आतड्याची पेशी ग्लुकोज आत घेते ती सोडियमला जोडूनच घेते. त्या वेळी या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे सहज कोणाच्या ध्यानात येण्यासारखे नव्हते. आज आपल्या प्रश्नाचे उत्तर या दोन गोष्टी जोडूनच मिळते.

तो दुसरा दरवाजा म्हणजे एसजीएलटी-१ नावाचे वाहक प्रथिन. ते पेशीच्या पोकळीकडच्या बाजूला असते. दोन सोडियम आणि एक ग्लुकोज एकत्र आले तरच ते फिरते आणि तिघांना आत सोडते. नुसते सोडियम आले तर ते फिरत नाही, नुसते ग्लुकोज आले तरी फिरत नाही. आत आलेले सोडियम पेशीच्या मागच्या बाजूचा पंप रक्ताकडे ढकलतो, ग्लुकोजही तिकडेच जाते आणि त्यांच्या मागे पाणी. कॉलऱ्याच्या विषाने चालू अडकवलेला स्विच या वाहकाला बंद करत नाही. म्हणून एकाच वेळी, एकाच आतड्यात, एका दरवाजाने पाणी बाहेर कोसळत असते आणि दुसऱ्या दरवाजाने आपण ते आत नेत असतो. नुसते पाणी पाजले तर हा दरवाजा उघडत नाही. नुसते मिठाचे पाणी पाजले तरीही उघडत नाही. ग्लुकोज ही त्या दरवाजाची किल्ली आहे, आणि ती गोडीसाठी किंवा ताकदीसाठी घातलेली नसते, हे मी प्रत्येक नातेवाईकाला सांगतो.

आता आपला खरा पेच : जितके प्यायले तितके बाहेर पडले, मग शोषले काय? इथे मला आकड्यांत जावे लागेल, कारण डोळ्यांना दिसणारा हिशेब फसवा असतो.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात मानखुर्दच्या एका वस्तीतून चाळिशीतले एक गृहस्थ आमच्याकडे आणले गेले. पहाटेपासून जुलाब चालू होते आणि दुपारी बारापर्यंत मनगटाला नाडी लागत नव्हती, डोळे खोल गेले होते, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती सावकाश खाली बसत होती, आणि हातांची बोटे फार वेळ पाण्यात भिजल्यासारखी सुरकुतली होती. नेहमीचे वजन सुमारे ५० किलो. अशा अवस्थेत शरीराने वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढे, म्हणजे सुमारे पाच लिटर पाणी गमावलेले असते. इथे ओआरएसची वाट पाहायची नसते, कारण आतड्याला पुरेसे रक्तच पोचत नसते आणि रुग्ण गुंगीत असल्याने पिऊही शकत नाही. आम्ही शिरेतून रिंगर लॅक्टेट दिले : पहिल्या अर्ध्या तासात दीड लिटर आणि पुढच्या अडीच तासांत साडेतीन लिटर. पहिले दीड लिटर संपेपर्यंत नाडी लागू लागली आणि त्यांनी डोळे उघडून पाणी मागितले. तेव्हापासून सलाईन चालू असतानाच आम्ही चमच्याचमच्याने ओआरएस सुरू केले.

त्यांना मधोमध भोक असलेल्या खाटेवर ठेवले होते आणि खाली मापाच्या खुणा असलेली बादली होती. कॉलऱ्याच्या वॉर्डात ही बादली नाडीइतकीच महत्त्वाची असते. ओआरएस अजून फारसे पोटात गेले नव्हते तेव्हाच्या शेवटच्या तासात बादलीत ५५० मिलिलिटर जमा झाले. हा आकडा म्हणजे विषाने चालवलेल्या गळतीचा वेग. पुढच्या आठ तासांत त्यांनी ५.४ लिटर ओआरएस प्यायले, म्हणजे साधारण दर अठरा मिनिटांना एक पेला. त्याच आठ तासांत ४.८ लिटर जुलाब झाले आणि सुमारे ३०० मिलिलिटर उलटी झाली. त्यांचा भाऊ शेजारी उभा होता. त्याने आपलाच प्रश्न विचारला : "डॉक्टर, वरून घालतोय तेवढं खालून जातंय. सलाईनच लावा ना परत."

हिशेब असा करावा. ओआरएस दिलेच नसते तरी ताशी ५५० या वेगाने आठ तासांत ४.४ लिटर बाहेर गेलेच असते. प्रत्यक्षात ४.८ गेले. म्हणजे प्यायल्यामुळे जुलाब वाढले ते केवळ ०.४ लिटरने. प्यायलेल्या ५.४ लिटरमधून उलटीचे ०.३ आणि हे वाढीव ०.४ वजा केले तर ४.७ लिटर उरतात. ते सगळे शरीरात गेले आणि त्यांनीच विषाने ओढून नेलेले ४.४ लिटर भरून काढले. गळतीचा वेग सगळे तास एकसारखा नसतो, त्यामुळे हा हिशेब अंदाजाचा आहे, पण त्याची दिशा चुकत नाही. बादलीत पडले ते प्यायलेले ओआरएस नव्हते, ते त्यांच्या रक्तातले पाणी होते. ओआरएसने त्याची जागा घेतली होती. संध्याकाळी सातच्या सुमारास त्यांना दिवसातली पहिली लघवी झाली, सुमारे २०० मिलिलिटर, आणि त्यांच्या भावाला मी बादलीऐवजी ते भांडे दाखवले. ओआरएस काम करते आहे की नाही हे जुलाबांवरून ठरवू नये. नाडी भरलेली लागते आहे का, रुग्ण शुद्धीवर आणि शांत आहे का, डोळे पूर्ववत होत आहेत का, आणि लघवी झाली का, यांवरून ते ठरते. ओआरएस जुलाब थांबवत नाही, तसा त्याचा दावाही नाही.

जुलाब थांबवण्याची घाई असलेले लोक लोपेरामाइडची गोळी देतात. ती कॉलऱ्यात देऊ नये. तिने आतड्याची हालचाल मंदावते, पण पेशींतून होणारी गळती चालूच राहते आणि ते पाणी पोटातच साचते. बादली रिकामी दिसते, घरच्यांना दिलासा वाटतो आणि रुग्णाची नाडी मात्र क्षीण होत जात असते.

याच रुग्णाच्या बाबतीत एक चूक घरी झाली होती. सकाळी जवळच्या दवाखान्यातून ओआरएसची एक लिटरची पुडी दिली गेली आणि ती किती पाण्यात घालायची हे कोणी सांगितले नाही. घरच्यांनी ती एका पेल्यात विरघळवली. ही चूक मी दर पावसाळ्यात पाहतो, आणि बाजारात एक लिटरच्या पुड्यांबरोबर २०० मिलिलिटरच्या लहान पुड्याही मिळत असल्याने ती सहज होते. आता वापरात असलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लिटरमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असते. पोटॅशियम आणि सायट्रेट हे जुलाबातून वाहून गेलेले पोटॅशियम आणि रक्तातली वाढलेली आम्लता यांची भरपाई करतात. या द्रावणाची तीव्रता लिटरमागे २४५ मिलिऑस्मोल होते. रक्ताची तीव्रता सुमारे २९० असते, म्हणजे द्रावण रक्तापेक्षा थोडे पातळ असते आणि पाणी सहज रक्ताकडे जाते. तीच पुडी २०० मिलिलिटरमध्ये घातली तर तीव्रता पाचपट, म्हणजे १,२२५ होते. मग पाणी उलट रक्ताकडून आतड्याकडे ओढले जाते, जुलाब आणि उलटी वाढते आणि रक्तातले सोडियम धोकादायक पातळीवर चढू शकते. ज्या औषधाने वाचायचे तेच प्रमाण चुकल्याने उलटे काम करते.

गोड पेयांचेही असेच. बाटलीतले शीतपेय, डबाबंद फळांचा रस किंवा ग्लुकोजची पावडर पाण्यात ढवळून दिली तर साखर भरपूर आणि सोडियम नाममात्र असते. वाहकाला दोन सोडियमशिवाय फिरता येत नाही, त्यामुळे उरलेली साखर आतड्यात पडून राहते आणि पाणी ओढते. पाकिटावर ओआरएस असे लिहिलेली, पण सूत्राप्रमाणे नसलेली गोड पेये अनेक वर्षे औषधांच्या दुकानांत मिळत होती. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने सूत्राशी न जुळणाऱ्या पेयांच्या नावात हा शब्द वापरण्यास मनाई केली. तरीही पाकीट हातात घेतल्यावर घटकांचे आकडे वाचावेत. पुडी मिळेपर्यंत घरी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून काम चालवता येते, पण त्यात पोटॅशियम आणि सायट्रेट नसते, म्हणून तो तात्पुरता उपाय आहे. मीठ सढळ हाताने घालू नये. तयार द्रावण २४ तासांनंतर फेकून द्यावे.

एक शंका जाणकार वाचकाला येईल. प्रौढांच्या कॉलऱ्याच्या जुलाबात सोडियम लिटरमागे सुमारे १३० मिलिमोल असते आणि ओआरएसमध्ये ७५ असते, मग भरपाई अपुरी नाही का? काही अंशी ती अपुरीच असते. २००२ पूर्वीच्या सूत्रात सोडियम ९० होते. ते कमी केले, कारण जगभरात ओआरएस सर्वाधिक दिले जाते ते कॉलरा नसलेल्या जुलाबांच्या मुलांना, आणि त्यांच्यात कमी तीव्रतेच्या द्रावणाने उलटी व सलाईनची गरज कमी होते. कॉलऱ्याच्या प्रौढ रुग्णात, विशेषतः जुलाब फार जोराचे असतील तर, रक्तातले सोडियम काही काळ घसरू शकते. म्हणून अशा रुग्णाला आम्ही खाणे लवकर, उलटी थांबताच सुरू करतो. मीठ घातलेली भाताची पेज यासाठी मला सर्वांत सोयीची वाटते. भातातला स्टार्च आतड्यात हळूहळू फुटून ग्लुकोज देतो, त्यामुळे वाहकाला किल्ली मिळत राहते आणि द्रावणाची तीव्रता मात्र वाढत नाही. तांदळाच्या पिठावर केलेल्या ओआरएसने कॉलऱ्यात जुलाबांचे प्रमाणही काहीसे कमी होते, हे अभ्यासांतून दिसले आहे.

ओआरएस कुठे पुरत नाही हेही सांगायला हवे. नाडी लागत नसेल, रुग्ण गुंगीत असेल, पोट फुगून आतड्याची हालचाल थांबली असेल, किंवा पिण्याच्या वेगापेक्षा जुलाबांचा वेग सतत जास्त असेल, तर शिरेतून द्रव द्यावाच लागतो. उलटी होते म्हणून मात्र ओआरएस थांबवू नये. दहा मिनिटे थांबून चमच्याचमच्याने पुन्हा सुरू करावे. एका वेळी पोटात जाणारे प्रमाण लहान असले की बरेचसे टिकते.

सलाईनच्या बाटल्या संपल्या की काय करायचे, याची कसोटी १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावला लागली. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत कॉलरा पसरला होता आणि तिथले डॉक्टर दिलीप महालनोबीस यांच्याकडे शिरेतून देण्याचा द्रव संपत आला होता. त्यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा मोजून पुड्या बांधल्या, द्रावण पिंपांत भरले आणि नातेवाईकांना ते रुग्णांना पाजायला सांगितले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. तिथे पाजणारे बहुतेक हात डॉक्टरांचे नव्हते, आपल्यासारख्या घरच्या माणसांचे होते.

मानखुर्दच्या त्या गृहस्थांचे जुलाब दुसऱ्या दिवशी रात्री निम्म्यावर आले आणि तिसऱ्या दिवशी दुपारी बादली काढून घेतली. घरी जाताना वजन पुन्हा ५० किलो भरले. आपले वडील आता घरी असतील आणि जुलाब थांबले असतील तर ओआरएस बंद करून नेहमीचे जेवण द्यावे. पातळ शौच अजून होत असेल तर प्रत्येक वेळेनंतर एक-दोन पेले पाजावेत, आणि सहा तासांत लघवी झाली नाही किंवा त्यांना उठून बसता येईनासे झाले, तर सकाळची वाट न पाहता त्यांना रुग्णालयात परत न्यावे.